उभ्या ट्रकचं उत्पन्न धरू नका: केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली.

महोदय,

नवी मुंबईत कळंबोलीच्या स्टील मार्केटजवळ माझं कर सल्लागाराचं छोटं कार्यालय आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक मालवाहतूकदार आहेत. कुणाच्या दोन गाड्या, कुणाच्या पाच, फार तर आठ. तळोजा एमआयडीसीतून माल उचलायचा, न्हावाशेवा बंदरात पोचवायचा, परतीचं भाडं मिळेल तिथून घ्यायचं, असा त्यांचा धंदा. विवरणपत्र ते आयकर कायद्याच्या कलम ४४एईखाली, म्हणजे गाडीमागे ठरलेलं अनुमानित उत्पन्न दाखवून भरतात. ही योजना चांगली आहे आणि ती राहायलाच हवी, हे आधीच सांगते. पण २०१८ नंतर तिच्यात एक अन्याय शिरला आहे, आणि विवरणपत्राच्या एका रकान्यामुळे माणसं नकळत चुकीचं उत्पन्न भरत आहेत. त्यासाठी हे पत्र. खुलं एवढ्यासाठी, की ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांनाही ते वाचता यावं.

आधी ही योजना चालते कशी, ते वाचकांसाठी थोडक्यात मांडते. वर्षभरात कुठल्याही दिवशी ज्याच्या मालकीच्या मालवाहू गाड्या दहापेक्षा जास्त नव्हत्या, त्याला ती घेता येते. उलाढालीची मर्यादा नाही, मर्यादा आहे ती गाड्यांची. जुनी विकण्याआधी अकरावी गाडी दोन दिवसांसाठी जरी नावावर आली, तरी ते अख्खं वर्ष योजनेबाहेर जातं. गाडी कर्जावर किंवा हप्त्यावर असली तरी ज्याच्या ताब्यात आहे तोच मालक धरला जातो. उत्पन्न ठरतं गाडीच्या एकूण वजनावर, म्हणजे गाडी अधिक भरलेला माल मिळून नोंदणीत मान्य असलेल्या वजनावर. हे वजन १२,००० किलोपर्यंत असेल, तर महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरायचं. त्याच्या वर गेलं, तर दर टनाला १,००० रुपये महिना. महिन्याचा एक दिवस जरी गाडी नावावर असली तरी तो पूर्ण महिना मोजायचा. प्रत्यक्ष कमाई यापेक्षा जास्त झाली असं मालक स्वतः दाखवत असेल, तर ती जास्तीची रक्कम उत्पन्न. यातून डिझेल, टोल, टायर, ड्रायव्हरचा भत्ता, विमा, घसारा, कर्जाचं व्याज असं काहीही वेगळं वजा होत नाही. ते सगळं वजा झालेलंच आहे असं कायदा मानतो. बदल्यात हिशेबाच्या वह्या ठेवण्याची आणि लेखापरीक्षणाची सक्ती नाही.

कलम आलं १९९४ च्या वित्त कायद्याने. तेव्हा जड गाडीला महिन्याला २,००० आणि बाकीच्यांना १,८०० रुपये असा दर होता. पुढे तो वाढत गेला, आणि २०१४ मध्ये लहान-मोठा भेद काढून सगळ्या गाड्यांना सरसकट ७,५०० रुपये लागू झाले. छोटा हत्ती असो की चौदा चाकी, उत्पन्न तेवढंच. हे बरोबर नव्हतं, आणि २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकारने ते ओळखलं. योजना लहान वाहतूकदारांसाठी असताना मोठ्या क्षमतेच्या गाड्यांचे मालकही तिचा लाभ घेतात, हे कारण देऊन १२ टनांवरच्या गाड्यांना टनामागे १,००० रुपयांचा दर आणला. २८ टनांच्या दहा चाकीचं महिन्याचं धरलेलं उत्पन्न ७,५०० वरून एकदम २८,००० झालं. मोठी गाडी जास्त कमावते, तेव्हा या वाढीच्या तत्त्वाबद्दल माझी तक्रार नाही. लहान गाड्यांचा दर २०१४ पासून आहे तिथेच आहे, हेही मान्य करायला हवं.

अडचण आहे ती मोजणीत. दर वाढला, पण महिने मोजायची रीत १९९४ चीच राहिली. गाडी चालली का, हे कायदा विचारत नाही. ती नावावर होती का, एवढंच विचारतो. महिन्याला २,००० किंवा ७,५०० रुपये धरले जात होते तेव्हा उभ्या गाडीचे दोन-चार महिने मालक सोसून घेत असे. २८,००० आणि ३५,००० रुपयांच्या दराने तेच महिने धरले, की काय होतं ते एका उदाहरणातून दाखवते. माणसाचं नाव देत नाही, आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत.

या गृहस्थांच्या सहा गाड्या आहेत. तुर्भ्याच्या एपीएमसीतून ठाण्याला भाजी पोचवणारा एक छोटा हत्ती. भिवंडीच्या गोदामांसाठी लावलेली एक आयशर, जिचं नोंदणीतलं एकूण वजन ११,९९० किलो. या दोन्ही बारा टनांच्या आतल्या, म्हणून प्रत्येकी ७,५०० गुणिले १२, म्हणजे ९०,०००. तिसरी १६.२ टनांची जुनी सहा चाकी. तिचे महिन्याला १६,२००, वर्षाचे १,९४,४००. मग २८ टनांच्या दोन दहा चाकी, प्रत्येकीचे वर्षाला ३,३६,०००, दोघींचे ६,७२,०००. सहावी ३५ टनांची बारा चाकी, कर्ज काढून घेतलेली, २२ सप्टेंबरला ताब्यात आली. सप्टेंबरचे नऊच दिवस, तरी महिना पूर्ण धरायचा. सप्टेंबर ते मार्च सात महिने, ३५,००० च्या हिशेबाने २,४५,०००. (गाडी नऊ दिवस थांबून १ ऑक्टोबरला घेतली असती, तर ३५,००० रुपये उत्पन्न कमी धरलं गेलं असतं. मार्च अखेरीला गाडी घेणाऱ्यांना मी हे दरवर्षी सांगते.) सगळ्याची बेरीज १२,९१,४००.

आता त्या दोन दहा चाकींपैकी एकीची हकीकत. २४ जूनच्या पहाटे पुण्याहून कॉइल उतरवून परतताना बोरघाटात ती पुढच्या ट्रेलरवर आदळली. ड्रायव्हर वाचला, पण केबिन चेपली आणि चासीचा पुढचा भाग वाकला. क्रेनने गाडी खाली आणून गॅरेजला लावली. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, अंदाजपत्रकावर घासाघीस झाली, केबिन मागवली, ती आली तर वायरिंगचा संच येईना. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी बाहेर पडली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर, हे चार पूर्ण महिने ती एक किलोमीटरही चालली नाही. कर्जाचा हप्ता मात्र चारही महिने गेला, आणि ड्रायव्हर दुसरीकडे जाऊ नये म्हणून त्याला निम्मा पगारही द्यावा लागला.

कायद्याने या चार महिन्यांचं उत्पन्न धरलं १,१२,००० रुपये. बेरीज पाहून ते मला म्हणाले, "ताई, गाडी गॅरेजला उभी होती, तिचं इन्कम कसलं? उलट मीच घातले की तिच्यात." मी त्यांना कलम वाचून दाखवलं. दुसरं काय दाखवणार?

हे १,१२,००० कराच्या दृष्टीने किती भारी पडले, ते पाहा. नव्या करप्रणालीत या वर्षी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. या गृहस्थांना दुसरं उत्पन्न नाही. उभ्या गाडीचे चार महिने सोडले, तर त्यांचं उत्पन्न ११,७९,४०० होतं आणि कर काहीच लागत नाही. ते महिने धरले की १२,९१,४०० वर ७३,७१० रुपये कर, त्यावर ४ टक्के उपकर, असे मिळून ७६,६६० रुपये भरावे लागतात. घाटात चेपलेल्या गाडीने एक रुपया न कमावता मालकावर ७६,६६० रुपयांचा कर लावला. १२ लाखांच्या रेषेच्या आसपास असलेल्या प्रत्येक वाहतूकदाराला हा धोका आहे, आणि दोन-तीन मोठ्या गाड्या असल्या की माणूस या रेषेजवळ येतोच. भावाभावांनी मिळून भागीदारी संस्था काढली असेल, तर तिला ही १२ लाखांची सवलत नाहीच. भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचं व्याज मर्यादेत वजा होतं, उरलेल्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के.

यावर आपल्याकडून काय उत्तर येईल, ते मला ठाऊक आहे. अनुमानित उत्पन्न म्हणजे सरासरी. काही महिने गाडी खूप कमावते, काही महिने उभी राहते, ते सगळं दरात धरलेलंच आहे. आणि ज्याला परवडत नाही, त्याने वह्या ठेवून कमी उत्पन्न दाखवावं, कायद्याने वाट ठेवली आहे.

सरासरीचं म्हणणं सुट्या दिवसांना लागू पडतं. बंदराबाहेरची रांग, घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनांना असलेली दिवसाची बंदी, परतीचं भाडं न मिळणं, टायर फुटणं, हे सगळं सरासरीत जावं. तक्रार नाही. पण चार महिने चासीसकट उघडून ठेवलेली गाडी हा सरासरीचा भाग नव्हे. शंभर गाड्यांच्या कंपनीत अशा दोन-तीन गाड्या कायम गॅरेजला असतात आणि बाकीच्या त्यांचा भार उचलतात, तिथे सरासरी खरी ठरते. सहा गाड्यांच्या माणसाकडे ती एक गाडी म्हणजे त्याच्या कमाईचा चौथा हिस्सा. ज्याच्याकडे दोनच गाड्या, त्याचा निम्मा धंदा. आणि नेमकी अशाच माणसासाठी तर ही योजना आहे.

वह्या आणि लेखापरीक्षणाच्या वाटेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण कागदावर ती सोपी दिसते. ठरलेल्या उत्पन्नापेक्षा एक रुपयाही कमी दाखवायचा, तर वह्या ठेवून सनदी लेखापालाकडून तपासून घ्याव्या लागतात. तेही एका गाडीपुरतं करता येत नाही, कारण कायदा सगळ्या गाड्यांची एकत्र बेरीज पाहतो. एक गाडी अपघातात सापडली म्हणून सहाही गाड्यांचा वर्षाचा हिशेब मांडायचा. आता हा हिशेब कसा असतो? डिझेल कधी पंपावर उधारीने, कधी ड्रायव्हरच्या खिशातून. ड्रायव्हरला फेरीमागे दिलेला भत्ता रोख, त्याची पावती नाही. हमाली रोख. टायरचं रिमोल्ड, पाटा बदलणं, पंक्चर, सगळं रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडे, कच्च्या चिठ्ठीवर. टोल तेवढा फास्टॅगमुळे बँकेत दिसतो. पार्टी भाड्याचे निम्मे पैसे आधी देते, उरलेले पोच पावती मिळाल्यावर महिन्याभराने, त्यातून कमिशन आणि नुकसानीचं म्हणून काही कापून. अपघात झाला जूनमध्ये. एप्रिल आणि मे महिन्यांच्या चिठ्ठ्या तोवर केराच्या टोपलीत गेलेल्या असतात, कारण वह्या ठेवायची सक्ती नाही असं कायद्यानेच सांगितलेलं. अपघात होणार हे आधी माहीत असतं, तरच ही वाट उपयोगाची.

म्हणून माझी मुख्य मागणी अशी: गाडी पूर्ण कॅलेंडर महिना वापरात नव्हती हे कागदोपत्री सिद्ध होत असेल, तर तो महिना मोजणीतून वगळावा.

यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. महाराष्ट्रात गाडी वापरात नसल्याची सूचना आरटीओला देऊन त्या काळाच्या वाहन करातून सूट मागायची सोय आहेच. म्हणजे पनवेल आरटीओत एमएच-४६ ची गाडी उभी असल्याचं राज्य सरकार मान्य करू शकतं, आणि त्याच महिन्यांत तीच गाडी कमावत होती असं आयकर खातं धरून चालतं. एकाच गाडीबद्दल सरकारच्या दोन हातांनी दोन गोष्टी मानाव्यात, हे पटण्यासारखं नाही. ज्या राज्यांत अशी सूचना देण्याची पद्धत नाही, तिथे विम्याच्या दाव्याची कागदपत्रं आणि दुरुस्तीचं जीएसटी बिल चालेल.

कुणी चालती गाडी उभी दाखवेल, ही शंका रास्त आहे. पण १९९४ मध्ये जे तपासता येत नव्हतं, ते आज बसल्या जागी तपासता येतं. गाडी महामार्गावर आली की फास्टॅगमध्ये टोल नाक्याची नोंद पडते. तिच्यात माल भरला की बहुतेक वेळा ई-वे बिलावर तिचा नंबर येतो. चार महिन्यांत या दोन्ही ठिकाणी गाडीचा नंबर कुठेच नसेल, तर ती उभी होती. एखाद्या महिन्यात एक जरी ई-वे बिल निघालं, तर तो महिना पूर्ण मोजा. मोडका महिना मालकाच्या अंगावर राहू द्या. उदाहरणातले जून आणि नोव्हेंबर मी मागत नाही. गैरवापराची भीती वाटत असेल, तर वर्षाला सहा महिन्यांची कमाल मर्यादा घाला. फक्त पूर्ण उभे महिने सोडा.

हा बदल संसदेतून व्हावा लागेल, मंडळाच्या परिपत्रकाने तो होणार नाही, हे मी जाणते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर कायदा २०२५ मध्ये जुनी अनुमानित कराची कलमं एकत्र करून कलम ५८ मध्ये घातली आहेत. भाषा सोपी झाली, तक्ता आला, पण गाडी नावावर असलेला प्रत्येक महिना मोजण्याची रीत तशीच पुढे आली. पुढच्या वित्त विधेयकासाठी मंडळ अर्थ मंत्रालयाला शिफारशी पाठवेल, त्यांत ही असावी, एवढी विनंती.

दुसरी मागणी मात्र पूर्णपणे आपल्या हातातली आहे, आणि तिला संसद लागत नाही. आयटीआर-४ या विवरणपत्रात कलम ४४एईच्या तक्त्यात गाडीचा नोंदणी क्रमांक, ती स्वतःची की भाड्याची, मालकीचे महिने, असं भरायचं असतं. त्यात एक रकाना आहे, ज्याचा अर्थ वाचणाऱ्याला "मालवाहू गाडीची टनांतली क्षमता" असा लागतो. कायद्यात हा शब्दच नाही. कायदा बोलतो एकूण वजनाबद्दल. आणि आमच्या धंद्यात गाडीची क्षमता म्हणजे ती माल किती उचलते ते. १६.२ टनांच्या सहा चाकीला इथे सगळे "दहा टनी" म्हणतात, कारण रिकाम्या गाडीचं वजन सहा टनांच्या आसपास गेलं की मालाला दहा टन उरतात. मालक स्वतः विवरणपत्र भरत असेल, किंवा सायबर कॅफेतल्या मुलाकडून भरून घेत असेल, तर त्या रकान्यात तो सरळ १० लिहितो. दहा हे बारापेक्षा कमी, म्हणून उत्पन्न धरलं जातं महिन्याला ७,५००. भरायला हवे होते १६,२००. एका गाडीमागे वर्षाला १,०४,४०० रुपये उत्पन्न कमी दाखवलं गेलं, आणि भरणाऱ्याला वाटतं आपण बरोबर केलं.

ही चूक ओळखायची खूण सोपी आहे, वाचकांनी आपल्या जुन्या विवरणपत्रांवर ती लगेच तपासावी. गाडीच्या आरसी कार्डावर दोन वजनं किलोत दिलेली असतात, एक रिकाम्या गाडीचं आणि एक भरलेल्या गाडीचं. विवरणपत्रातला आकडा या दोन्हींच्या वजाबाकीइतका असेल, तर तो चुकला आहे. भरलेल्या गाडीचं वजन हवं. कायद्याच्या मजकुरात "एकूण वजन किंवा रिकामं वजन, जे लागू असेल ते" असे शब्द आहेत, त्यामुळे आणखी एक गैरसमज पसरतो. ट्रकला यांतलं हवं ते निवडता येतं, असं काही जण समजतात. तसं नाही. मोटार वाहन कायद्यातल्या जड मालवाहू वाहनाच्या व्याख्येत ट्रॅक्टर आणि रोड रोलर यांचं रिकामं वजन पाहतात, आयकर कायद्याने ती शब्दरचना तिथल्यासारखी ठेवली आहे. माल वाहणाऱ्या ट्रकला एकूण वजनच लागू.

चूक पुढे कधीतरी पकडली जाणारच, कारण त्याच तक्त्यात गाडीचा नंबर आहे आणि त्या नंबरचं वजन सरकारच्या 'वाहन' या गाडी नोंदणीच्या संगणक प्रणालीत आहे. मग फरकाचा कर, त्यावर व्याज, आणि उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड कराच्या ५० टक्के. एवढं सगळं रकान्याच्या नावामुळे. नव्या कायद्याखालच्या विवरणपत्रांत रकान्याचं नाव "आरसीप्रमाणे एकूण वजन, किलोत" असं ठेवा. आणखी एक पाऊल टाकता आलं, तर नंबर भरला की वाहन प्रणालीतून वजन आपोआप त्या रकान्यात येऊ द्या. पगाराचे आणि बँकेच्या व्याजाचे आकडे आपण आधीच भरून देता, गाडीचं वजन तर सहसा बदलतही नाही.

याच रकान्याबरोबर टनाच्या तुकड्याचाही निकाल लावा. महिन्याबाबत कायदा स्पष्ट सांगतो की महिन्याचा भाग म्हणजे पूर्ण महिना. टनाच्या भागाबद्दल तो काहीच सांगत नाही. १६.२ टनांचे १६,२०० धरायचे, १६,००० की १७,०००? मी १६,२०० धरते, कारण "दर टनाला" या शब्दांचा सरळ अर्थ तोच होतो. शेजारचा सल्लागार १७,००० धरतो. दोघंही प्रामाणिक आहोत. किलोत वजन मागितलंत आणि गुणाकार संगणकाने केला, तर हा प्रश्न उरणारच नाही.

बारा टनांवरच्या उडीबद्दल फार लिहीत नाही. ११,९९० किलोच्या गाडीला महिन्याला ७,५०० आणि १२,१०० किलोच्या गाडीला १२,१००, म्हणजे ११० किलोंमुळे वर्षाला ५५,२०० रुपये उत्पन्न जास्त. पहिल्या बारा टनांना ७,५०० आणि त्यावरच्या प्रत्येक टनाला १,००० अशी रचना केली, तर ही उडी जाईल. पण सरकारचं उत्पन्न त्याने घटेल, हे मला दिसतं. दोन्हींतून एकच देणार असाल, तर उभ्या महिन्यांची सूट द्या.

आगाऊ कराचं मात्र सांगायलाच हवं. अनुमानित कर भरणाऱ्या दुकानदाराला, डॉक्टरला, वकिलाला आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरता येतो. ती सोय कलम ४४एडी आणि ४४एडीएला आहे, ४४एईला नाही. ट्रकवाल्याला जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च असे चार हप्ते. उदाहरणातल्या गृहस्थांनी सप्टेंबरच्या १५ तारखेला हप्ता कसा काढायचा? बारा चाकी आली २२ तारखेला. तिला कर्ज मंजूर होईल की नाही, हे १५ तारखेला त्यांनाही माहीत नव्हतं. वर्षाच्या शेवटी एका बेरजेत ठरणाऱ्या उत्पन्नाला एकच हप्ता असावा, जसा दुकानदाराला आहे.

माझ्या फायलींमधून नावं आणि नंबर काढून अशा उभ्या गाड्यांची माहिती मी तयार केली आहे: एकूण वजन, उभे महिने, विम्याचा दावा आणि दुरुस्तीची बिलं. शिफारशीच्या कामासाठी मंडळाने मागितली, तर गाडीमालकांच्या संमतीने ती पाठवीन. रकान्याच्या बदलासाठी मात्र थांबायचं कारण नाही. पुढची विवरणपत्रं अधिसूचित होण्याआधी तेवढं करावं.

आपली,
कळंबोली, नवी मुंबई येथील एक कर सल्लागार